आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे ४१२ फोटो मेलने पाठवायचेत. कसे?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, सहस्रचंद्रदर्शन झालं. फुलेवाडीत कार्यक्रम, दीडशे माणूस, पाऊस ऐन वेळी थांबला, सगळं छान पार पडलं. फोटोग्राफरने काल पेनड्राइव्ह दिला. त्यात ४१२ फोटो आणि एकूण ३.६ जीबी. एकेक फोटो सरासरी ९ एमबीचा.

आता हे अकरा घरी पोचवायचेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पन्नासेक टाकले, तर सगळ्यांची एकच तक्रार, मोठं करून बघितलं की चेहरे पुसट होतात. शिवाय आप्पांची धाकटी बहीण, गडहिंग्लजच्या आक्का, व्हॉट्सॲपवर नाहीतच. निवृत्त शिक्षिका, फोन बटणांचा, पण घरी कॉम्प्युटर आहे आणि रोज सकाळी चहा घेत मेल वाचतात. फोटो मेलवरच हवेत असा त्यांचा आग्रह.

काल मी सहा फोटो जोडून जीमेलवरून पाठवले. फोटो जोडले गेलेच नाहीत, आपोआप ड्राइव्हची लिंक झाली. संध्याकाळी आक्कांचा फोन, "तू फोटो पाठवलेस म्हणतेस, मला नुसती निळी अक्षरं आली."

तर प्रश्न असा, फोटो बारीक करून पाठवावेत, झिप करून पाठवावेत, की लिंकच द्यावी?

झणझणीत_कट

आधी जेवणाचा मेनू सांगा. मग तांत्रिक चर्चेकडे वळू.

पेठकर

वहिनी, सोपं आहे. सगळे फोटो एका फोल्डरात घ्या, राइट क्लिक करून झिप करा. झिप केलं की साइज निम्मी होते. मी ऑफिसातल्या एक्सेलच्या फायली अशाच पाठवतो. ५ एमबीची फाइल दीड एमबीवर येते. मग झिपचे चार तुकडे करून चार मेल.

शटरवाला

@पेठकर, दादा, फोटोला झिप लागू पडत नाही. मी राजारामपुरीत पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, हा प्रयोग प्रत्येक गिऱ्हाईक एकदा करतंच. जेपीजी फाइल कॅमेऱ्यातनं बाहेर पडतानाच आवळलेली असते. पिळून काढलेला टॉवेल परत पिळला तर किती पाणी निघणार? ३.६ जीबीचं झिप केलं तर ३.५ च्या आसपास येईल. झिपचा उपयोग एवढाच, की ४१२ सुट्या फायलींचं एक गाठोडं होतं.

वहिनी, तुमच्या फोटोचं माप ६००० बाय ४००० पिक्सेल असणार, म्हणजे २४ मेगापिक्सेल. आक्कांच्या कॉम्प्युटरचा पडदा बहुतेक १९२० बाय १०८० चा असेल. म्हणजे तुम्ही त्यांना खिडकीएवढ्या जागेत लावायला अख्ख्या भिंतीचा पडदा पाठवताय. बघायलाच हवे असतील, तर लांब बाजू २०४८ पिक्सेल करा. फोटो अर्ध्या एमबीच्या आसपास येईल आणि पडद्यावर फरक कळणार नाही.

निवांत

शटरवाल्यांशी सहमत. मेलच्या मर्यादेबद्दल थोडी भर घालतो, कारण इथेच सगळे ठेचकाळतात.

जीमेलची मर्यादा २५ एमबी. त्याच्यावर गेलं की ते स्वतःच ड्राइव्हची लिंक करतं. तुमचे सहा फोटो ५४ एमबी होते, म्हणून निळी अक्षरं. पण पूर्ण २५ भरायलाही जाऊ नका. मेल ही मुळात अक्षरं पाठवायची सोय आहे. फोटो जोडला की वाटेत त्याची अक्षरं होतात, तीन बाइटची चार अक्षरं. म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढतं आणि १८ एमबीचे फोटो प्रवासात २४ होतात. म्हणून मी स्वतः १७-१८ च्या वर कधी जात नाही. आणि हे जीमेलचं झालं. समोरच्याच्या ऑफिसचा सर्व्हर १० एमबीलाच दार लावत असेल, तर तुमच्याकडनं मेल सुटेल आणि तिकडनं परत येईल.

आता हिशेब करू. मूळ फोटो ९ एमबीचा, म्हणजे एका मेलमध्ये दोन. ४१२ फोटोंना २०६ मेल.

झणझणीत_कट

माणसाच्या अंगात हाडंपण २०६. आक्का एकेक मेल उघडतील तशी त्यांची एकेक हाड दुखेल.

निवांत

😂 आणि फोटो २०४८ वर आणून साधारण ०.६ एमबीचा झाला, तर एका मेलमध्ये तीस बसतात. सगळे ४१२ चौदा मेलमध्ये. तेही जास्तच आहेत, पण निदान माणसासारखं वाटतं.

अंजू_ताई

चांगला धागा. माझ्याकडे आईबाबांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो आहेत, १९७१ सालचे, काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपऱ्यात अडकवलेले. ते मेलने पाठवायचे तर आधी काय करावं लागेल? मोबाईलने फोटो काढला की वरच्या दिव्याची चमक येते.

शटरवाला

@अंजू_ताई, हा वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा, मी येतो तिकडे. तोवर एवढंच करा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, घरातले दिवे बंद करून काढा. आणि फोटो कोपऱ्यातून ओढून काढू नका, कागदासकट फाटतो.

पेठकर

बरं, झिपचं मान्य. पण माप कशाला कमी करायचं? क्वालिटी कमी करा की. सेव्ह करताना पट्टी असते ती १०० वरून ३० वर आणायची. ६००० पिक्सेल तसेच राहतात आणि फाइल छोटी होते. कुणाला प्रिंट काढायची झाली तर पिक्सेल शाबूत!

शटरवाला

पिक्सेल शाबूत राहतात, फोटो राहत नाही. क्वालिटी ३० केली की आधी काय मरतं सांगतो. सपाट जागा, म्हणजे मागची भिंत, आकाश, गाल. त्यांच्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात. मग कडा. पैठणीच्या जरीभोवती, दिव्यांच्या माळेभोवती मुंग्या फिरल्यासारखं होतं. आप्पांच्या कपाळावरचं कुंकू तर हमखास फाटतं, कारण जेपीजी रंगाची काटकसर उजेडापेक्षा जास्त करतं आणि लाल रंग त्यात पहिला बळी.

म्हणून माप कमी करा आणि क्वालिटी ८०-८५ च्या खाली जाऊ देऊ नका. अजून एक, आधी बारीक केलेला फोटो उघडून परत बारीक करू नका. दर वेळी थोडं थोडं झिजतं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो उतरवून मेलला लावणारे आहेत, त्यांच्यासाठी सांगतोय.

रंकाळाकाठ

वा, खूप कळलं. पण ४१२ फोटो एकेक उघडून करायचे का? माझ्याकडे विंडोज ११ आहे.

निवांत

एकेक कशाला? मायक्रोसॉफ्टचं PowerToys फुकट मिळतं, त्यात Image Resizer आहे. बसवलं की सगळे फोटो निवडून राइट क्लिक करायचं आणि माप निवडायचं. आधीपासून असलेलं Large घेतलंत, तर फोटो १९२० बाय १०८० च्या चौकटीत बसवतो. तुमचा आडवा फोटो १६२० बाय १०८० होईल. तेही चालेल, पण सेटिंगमध्ये स्वतःचं २०४८ चं माप घालून ठेवलेलं बरं. मूळ फोटो तसाच राहतो आणि शेजारी नावापुढे कंसात माप लावलेली नवी प्रत तयार होते. फक्त मूळ फोटोच बदलायचा एक चौकोन तिथे असतो, त्यावर चुकून टिक करू नका.

मी स्वतः ImageMagick वापरतो. फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन दोन ओळी:

```
mkdir chhote
magick mogrify -path chhote -auto-orient -resize "2048x2048>" -quality 82 *.jpg
```

यात -path chhote विसरलात तर मूळ फोटोंवरच नांगर फिरतो, विचारत बिचारत नाही. भाच्याच्या बारशाचे एकशेऐंशी फोटो मी असेच कायमचे छोटे केलेत. बहिणीला अजून सांगितलेलं नाही, इथे ती येत नाही म्हणून लिहितोय.

-auto-orient कशाला, तर मोबाईल फोटो उभा काढला तरी आडवाच साठवतो आणि बाजूला चिठ्ठी लावतो, "हा उभा बघा" म्हणून. काही प्रोग्राम ती चिठ्ठी वाचत नाहीत. मग आप्पा आडवे पडलेले दिसतात, आणि सहस्रचंद्रदर्शनाच्या फोटोत ते बरं दिसत नाही.

झणझणीत_कट

बहिणीचा आयडी काय आहे म्हणालात?

बेळगावी_कुंदा

मी बँकेत आहे, माझा अनुभव. आमच्या ऑफिसच्या नेटवर्कवर ड्राइव्ह, फोटो अल्बम, सगळ्या लिंक बंद. कुणी पाठवलेली लिंक ऑफिसात उघडत नाही आणि घरी गेल्यावर लक्षात राहत नाही. त्यामुळे "लिंक पाठवली की झालं" म्हणणाऱ्यांनी समोरचा कुठे बसून बघणार याचा विचार करावा.

आणि मेल परत आला तर पत्रातली ओळ वाचा. तिथे आकडा ५५२ असेल आणि size शब्द असेल, तर तुमचा मेल जड झालाय, हलका करून पाठवा. पण over quota किंवा mailbox full असं असेल, तर समोरच्याची पेटी भरलीये. तिथे तुम्ही कितीही बारीक केलंत तरी उपयोग नाही, फोन करून जुने मेल काढायला सांगा. माझ्या मावशीला आम्ही तीन दिवस फोटो बारीक करकरून पाठवत होतो. पेटी तिची भरलेली होती.

टोरांटोत_कोल्हापूर

लांबच्या नातेवाइकाच्या बाजूने बोलतो. मला चौदा मेल नकोत हो. पहाटे उठलो की मेलबॉक्समध्ये "फोटो भाग १", "फोटो भाग ९", "फोटो भाग ४" असे उलटसुलट पडलेले असतात. मला अल्बमची एक लिंक द्या. आईचे फोटो मोठ्या प्रिंटवर काढून घरात लावायचे असतात, त्याला मूळ फाइल लागते. बारीक केलेल्याचं इथे काय करू?

शटरवाला

बरोबर. बघायचा फोटो वेगळा आणि छापायचा फोटो वेगळा. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. ६ बाय ४ च्या साध्या प्रिंटला १८०० बाय १२०० पुरतात, म्हणजे २०४८ वालासुद्धा आरामात चालतो. पण १८ बाय १२ ची फ्रेम करायची तर ५४०० बाय ३६०० लागतात. तिथे मूळ फाइलच हवी.

टोरांटोत_कोल्हापूर

मग गुगल फोटोजची अल्बम लिंक?

पेठकर

गुगल फोटोज फोटो खराब करतं.

शटरवाला

अर्धं खरं. चढवताना Storage saver लावलेलं असेल, तर १६ मेगापिक्सेलच्या वरचा फोटो १६ वर आणतं आणि थोडा आवळतं. वहिनींचे २४ चे १६ होतील. १२ बाय ८ च्या प्रिंटला कुणाला फरक कळणार नाही. Original quality निवडलंत तर काहीच बदलत नाही, पण मग जागा पूर्ण खातं. फुकटची जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. २०२१ च्या जूनपासून बारीक केलेले फोटोही त्यात मोजतात.

सुमन_काकी

मला जरा वेगळं म्हणायचंय. लिंक म्हणजे ज्याच्या हाती पडली त्याची. माझ्या नातीच्या वाढदिवसाची लिंक कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि अनोळखी बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "केक छान होता." फोटोत लहान मुलं असतात, दागिने असतात, घर असतं. मोबाईलच्या फोटोत जागेचा पत्ताही शिरलेला असतो. मेलने थेट पाठवलेलं मला बरं वाटतं.

निवांत

काकी, मुद्दा रास्त. पण मेलपण पुढे ढकलता येतोच. लिंकचं एक बरं असतं, महिन्याने बंद करता येते. पाठवलेला मेल परत येत नाही. जागेचं म्हणाल तर अल्बमच्या सेटिंगमध्ये ठिकाण दाखवायचं की नाही याचं बटण आहे, ते बंद करावं. हॉलवर काढलेल्या फोटोंना काही नाही, पण सकाळी घरी झालेल्या पूजेचे मोबाईलवरचे फोटो असतील, तर ते महत्त्वाचं.

सुमन_काकी

बंद करायची आठवण कोण ठेवतं, बाबा.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून केलं. काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

४१२ मधून नवऱ्याने आणि मी २८ निवडले. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला, दोन तास आणि एक भांडण. ते २८ PowerToys ने २०४८ वर आणले. गंमत म्हणजे सगळे सारखे होत नाहीत. आप्पा एकटे भिंतीपुढे उभे आहेत तो फोटो ३४० केबी झाला, आणि ८१ दिव्यांनी ओवाळतानाचा, मागे सगळ्या बायका जरीच्या साड्यांत, तो ९१० केबी. एकूण १६.४ एमबी. एकाच मेलमध्ये अकराही जणांना. आक्कांना उघडला! फोन करून सांगितलं, "आता दिसतायत सगळे."

त्याच मेलच्या खाली ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक, त्यात मूळ ४१२. आणि तिथे मी माती खाल्ली. रात्री साडेअकराला पाठवून झोपले. सकाळी बघते तर नऊ मेल, प्रत्येकजण परवानगी मागतोय. दिरांनी तर फोनच केला, "वहिनी, आमच्याच बापाचे फोटो बघायला अर्ज करायचा का?"

झणझणीत_कट

सातबारा पण जोडायला सांगायचा. 😄

निवांत

फोल्डर Restricted राहिला असणार. Share मध्ये जाऊन Anyone with the link करा आणि पुढे Viewer ठेवा, Editor नको, नाहीतर एखादं पोरगं फोटो पुसून टाकेल. पुढच्या वेळी पाठवण्याआधी ती लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तिथे तुम्ही तुम्ही नसता. फोटो दिसले तर सगळ्यांना दिसणार, लॉगिन मागितलं तर सगळ्यांना मागणार.

टोरांटोकर, अख्खा फोल्डर डाउनलोड केलात तर ड्राइव्ह स्वतः झिप करून देतं, आणि एवढ्या मोठ्याचे दोन-तीन भाग होतात. सगळे भाग उतरल्याची खात्री करा. पहिलाच उघडून "फोटो कमी आहेत" म्हणून वहिनींना छळू नका.

पेठकर

म्हणजे शेवटी झिप आलंच की नाही?

शटरवाला

आलं दादा, गाठोडं म्हणून आलं. 🙏

सुमन_काकी

Anyone with the link म्हणजे परत तेच झालं. अकरा जणांचे मेल आयडी आहेत ना तुझ्याकडे? त्या अकरांनाच परवानगी दे.

रंकाळाकाठ

काकी, तसंच करायला गेले होते. पण दोघांनी मेल एका आयडीवर घेतला आणि फोनवर लॉगिन दुसऱ्याच आयडीने आहे, त्यांना उघडेना. सध्या सगळ्यांना उघडी ठेवलीये, महिनाअखेर बंद करणार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

बेळगावी_कुंदा

ऑफिसात २८ फोटो दिसले असते, हे मला आवडलं. लिंक नाही उघडली तरी माणूस उपाशी राहत नाही.

झणझणीत_कट

उपाशीवरनं आठवलं, मेनू अजून सांगितलेला नाही.

रंकाळाकाठ

पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. तांबडा-पांढरा दुसऱ्या दिवशी घरी. झालं समाधान?

आता नवीन अडचण. आत्ताच आक्कांचा मेल आला. एकच ओळ आहे: "अठ्ठावीस फोटो मिळाले, छान आले आहेत. मी एकाही फोटोत नाही."

झणझणीत_कट

😱

शटरवाला

आक्का कोणत्या रंगाच्या साडीत होत्या?

रंकाळाकाठ

मोरपंखी. काठ लाल. ४१२ मध्ये शोधतेय. आत्तापर्यंत एका पंगतीच्या फोटोत कोपऱ्यात अर्धी कोपर सापडलीये.

शटरवाला

ओवाळतानाचे फोटो बघा, ओळीने सात-आठ असतील. सगळ्यात मोठ्या फायली त्याच. फोल्डर साइजप्रमाणे लावा, वरतीच येतील.

रंकाळाकाठ

सापडल्या!! डाव्या हाताला, तबक घेऊन, डोळे मिटलेले. पुढच्या फोटोत उघडे आहेत. हा मूळ ९ एमबीचाच पाठवते, एकटाच जाऊ दे.